सहा वर्षांचा बेस, महिन्याचा बंद भाव आणि कापसाचे पैसे

8 जानेवारी 2008 ला निफ्टीने 6357 चा उच्चांक केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो 2252 पर्यंत आला. पुढे चढत चढत नोव्हेंबर 2010 मध्ये 6338 पर्यंत पोचला आणि जुन्या उच्चांकाच्या अगदी तोंडाशी येऊन परत फिरला. डिसेंबर 2011 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास, ऑगस्ट 2013 मध्ये पाच हजार शंभरच्या आसपास. 6357 च्या वर महिना बंद व्हायला शेवटी मार्च 2014 उजाडला. म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ निफ्टी एकाच पट्ट्यात खालीवर होत राहिला. मंथली चार्टवर ही सगळी वर्षं एका रुंद खोलगट आकारासारखी दिसतात. चार्ट बघणारे त्याला बेस म्हणतात आणि तो बेस वरच्या बाजूने सुटला की ब्रेकआउट म्हणतात.

आपल्याकडे यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या गावांत गेल्या काही वर्षांत बरीच डीमॅट खाती उघडली गेली. त्यातले बरेच जण मोबाइलवर पाच-पंधरा मिनिटांचा चार्ट बघतात. ज्याची सकाळ वावरात जाते, ज्याच्याकडे पैसा वर्षातून दोनदाच हाती येतो, आधी सोयाबीनचा आणि मग कापूस-तुरीचा, त्याला पंधरा मिनिटांच्या चार्टचा काहीच उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या कामाचा चार्ट महिन्याचा. वर्षातून बारा वेळा बघायचा, तोही महिन्याच्या शेवटच्या बाजार दिवशी, दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर. म्हणून या लेखात 2008 ते 2014 चा एकच बेस घेऊन तो नीट उलगडतो.

बेस तयार होताना आत काय चालतं

2008 च्या जानेवारीत ज्यांनी 6000 च्या वर पैसे टाकले, त्यांची रक्कम नऊ-दहा महिन्यांत अर्ध्याहून खाली आली. अशा माणसाच्या मनात एकच गोष्ट पक्की बसते: मुद्दल निघाली की बाहेर पडायचं. म्हणून भाव पुन्हा त्या पातळीजवळ आला की विकणारे रांगेत उभे असतात. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये 6338 वरून बाजार परतला, त्यात या विक्रीचा मोठा वाटा होता. दर वेळी भाव वर आला की असे थोडे लोक सुटतात आणि त्यांचे शेअर नव्या माणसाकडे जातात. या नव्या माणसाचा खरेदीभाव खालचा असतो, त्यामुळे त्याला विकायची घाई नसते. बेस जितकी वर्षं चालतो, तितकी जुनी अडकलेली विक्री संपत जाते.

पण फक्त विकणारे थकले म्हणून भाव वर जाऊन टिकत नाही. खरं काम दुसरीकडे चाललेलं असतं. जानेवारी 2008 मध्ये निफ्टीचा पी-ई सुमारे 28 होता, म्हणजे कंपन्यांच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी लोक 28 रुपये मोजत होते. मार्च 2014 मध्ये निफ्टी 6700 वर होता आणि पी-ई सुमारे 19. आता भागाकार करून बघा. 6357 ला 28 ने भागलं तर नफा सुमारे 227 येतो, 6704 ला 19 ने भागलं तर सुमारे 353. भाव जवळपास तिथंच, पण मागचा नफा दीडपटीहून जास्त. सहा वर्षं भाव थांबला आणि त्या काळात कंपन्यांच्या वाढत्या नफ्याने 2008 च्या महाग भावाची भरपाई केली. माझ्या लेखी लांबलचक बेसमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चार्टवर ती दिसत नाही, तिच्यासाठी पी-ई बघावा लागतो. निफ्टीचा पी-ई एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

हा मुद्दा विदर्भात समजावणं सोपं जातं, कारण उलटं उदाहरण आपल्या अंगणात घडलं आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये अकोला-वाशीमच्या बाजार समित्यांत सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं. आधीचे सगळे भाव त्याने मागे टाकले. चार्ट काढला असता तर ब्रेकआउटच दिसला असता. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. सोयाबीनच्या एका क्विंटलमागे दरवर्षी वाढत जाणारा नफा नसतो. मागणी-पुरवठ्याने भाव चढतो आणि पुरवठा वाढला की उतरतो. त्यामुळे शेतमालाच्या भावाला हा नियम लावू नका. कंपन्यांचा निर्देशांक किंवा चांगली कंपनी असेल, आणि बेसच्या वर्षांत नफा खरंच वाढला असेल, तरच त्या ब्रेकआउटला वजन आहे.

रेघ कुठं ओढायची

चार्ट फुकट बघायला मिळतो. कालावधी `1M` करा, म्हणजे एक कॅन्डल एका महिन्याची होईल. निदान पंधरा वर्षं एका नजरेत येतील इतका चार्ट आवळून घ्या. भावाची पट्टी `Log` वर ठेवा, नाहीतर आजच्या मोठ्या आकड्यांपुढे 2008 ची सगळी पडझड चपटी दिसते. मग जुन्या उच्चांकावर एक आडवी रेघ ओढा.

इथं एक बारकावा आहे. प्रत्येक मंथली कॅन्डलला जाड भाग असतो आणि वरखाली बारीक काडी असते. जाड भाग महिना कुठं उघडला आणि कुठं बंद झाला ते सांगतो, काडी महिन्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव दाखवते. रेघ जाड भागाच्या माथ्यावर ओढायची की काडीच्या टोकावर? 2008 च्या आधीचा सर्वांत वरचा महिनाबंद होता डिसेंबर 2007 चा, 6138. त्यावर रेघ ओढली असती तर ऑक्टोबर 2013 मध्येच 6299 वर ब्रेकआउट दिसला असता, आणि जानेवारी 2014 मध्ये 6089 वर तो मोडलाही असता. काडीच्या टोकावर, म्हणजे 6357 वर रेघ असती, तर ऑक्टोबरला काहीच करायचं नव्हतं. मी काडीचं टोकच घेतो. खरेदी थोडी महाग पडते, पण शिखरावर अडकलेला शेवटचा माणूसही तोवर सुटलेला असतो.

कंपनीच्या शेअरचा चार्ट बघत असाल तर तो बोनस आणि स्प्लिट धरून सुधारलेला आहे ना, ते आधी तपासा. रिलायन्सने 2009 मध्ये आणि 2017 मध्ये एकास एक बोनस दिला. दोन्ही वेळा शेअरचा भाव एका दिवसात निम्मा झाला, पण कुणाचा एक रुपयाही गेला नव्हता, कारण शेअर दुप्पट झाले होते. सुधारलेला चार्ट नसेल तर असा दिवस मोठ्या पडझडीसारखा दिसतो आणि जुन्या उच्चांकाची रेघ भलत्याच जागी पडते.

माझा सल्ला असा की पहिल्यांदा हे हाताने करून बघा. तालुक्याच्या स्टेशनरीत आलेखवही मिळते. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर भाव, आणि प्रत्येक महिन्याच्या बंद भावाचा एक ठिपका. जानेवारी 2008 पासून मार्च 2014 पर्यंत पंचाहत्तर ठिपके होतात, एका संध्याकाळचं काम. 2009, 2010, 2011, 2012 असे ठिपके टाकत जाताना पेन्सिल पुन्हा पुन्हा त्याच चौकटींत फिरते. मोबाइलवर बोटाने सरकवताना सहा वर्षं दोन सेकंदांत निघून जातात आणि वाट बघणं किती लांब होतं याचा पत्ताच लागत नाही. हाताने काढताना तो लागतो.

डिसेंबर 2013 चा सापळा

8 डिसेंबर 2013 ला, रविवारी, चार राज्यांच्या विधानसभांचे निकाल आले. सोमवारी बाजार उसळून उघडला आणि निफ्टी 6415 ला लागला. सहा वर्षांची पातळी त्या दिवशी दिवसाच्या चार्टवर तुटली. टीव्हीवर दिवसभर नवा उच्चांक, नवा उच्चांक.

मंथली चार्ट बघणाऱ्या माणसाला त्या सोमवारी काहीही करायचं नव्हतं, कारण महिना संपायला तीन आठवडे होते. डिसेंबर बंद झाला 6304 ला, रेघेच्या खाली. जानेवारी 6089 ला बंद झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निफ्टी सहा हजारांच्याही खाली गेला, महिना बंद झाला 6277 ला. 9 डिसेंबरच्या उत्साहात ज्याने पैसे टाकले तो दोन महिन्यांत सात टक्क्यांनी खाली होता. रक्कम मोठी नाही, पण बरेच लोक अशाच वेळी वैतागून विकतात आणि पुढची खरी चाल त्यांच्या हातून जाते.

31 मार्च 2014 ला महिना 6704 ला बंद झाला. रेघेच्या साडेपाच टक्के वर. हा ब्रेकआउट.

महिनाबंदची वाट बघायची किंमत मोजावी लागते हे मान्य करायला हवं. 9 डिसेंबरला 6400 ला मिळत होतं ते मार्चअखेर 6704 ला घ्यावं लागलं, जवळपास पाच टक्के जास्त देऊन. त्या पाच टक्क्यांत खात्री विकत मिळते असंही नाही. फक्त एका दिवसाच्या बातमीवर उसळलेला भाव गाळला जातो. महिन्याच्या शेवटी जो भाव उरतो त्यात वीसेक दिवसांची खरेदी-विक्री मुरलेली असते. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था एका दिवसात खरेदी करून मोकळ्या होत नाहीत, त्या आठवडे आठवडे घेत राहतात. त्यांचा कल महिन्याच्या आकड्यात उतरतो.

त्या महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं तेही आठवून बघा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. गहू, हरभरा, संत्रा आडवा झाला. गावात शेअर बाजाराचं नावही कुणाच्या डोक्यात नव्हतं. याकडे मी पुन्हा येतो, कारण गावातल्या गुंतवणूकदाराचा सगळा प्रश्न इथंच अडतो.

90 हजारांचा हिशेब

माझ्या ओळखीचा एक कृषी केंद्रवाला मागच्या हंगामात विचारत होता, "भाऊ, कापसाचे चुकारे आले हायेत. जुना उच्चांक तुटला की सारे एकाच वेळी टाकू काय?" मी त्याला कागदावर जे मांडून दाखवलं तेच इथं देतो.

समजा मार्च 2014 मध्ये हाताशी 90 हजार आहेत आणि घ्यायचा आहे साधा निफ्टी इंडेक्स फंड. त्याचे तीस-तीस हजारांचे तीन भाग करा. पहिला भाग ब्रेकआउटच्या महिनाबंदला, 6704 वर. दुसरा भाग पुढचे तिन्ही महिने रेघेच्या वर बंद झाले तर. एप्रिल 6696, मे 7230, जून 7611. तिन्ही वर, म्हणून दुसरा भाग जूनअखेर 7611 वर. तिसरा भाग राखून ठेवायचा. दोन वर्षांच्या आत भाव मागे येऊन रेघेच्या दहा टक्क्यांच्या अंतरात महिना बंद झाला तर टाकायचा. 6357 चे दहा टक्के वर म्हणजे 6993. मार्च 2015 मध्ये निफ्टी 9119 पर्यंत गेला, तिथून उतरत 29 फेब्रुवारी 2016 ला 6826 पर्यंत आला आणि महिना 6987 ला बंद झाला. तिसरा भाग इथं. तोवर ही रक्कम बँकेत ठेवीत. भाव मागे आलाच नाही तर दोन वर्षांनंतर ती महिन्याच्या एसआयपीने हळूहळू टाकायची, किंवा ठेवीतच राहू द्यायची.

मार्च 2024 अखेर निफ्टी 22,327 होता. तीन भागांत टाकलेल्या 90 हजारांचे, लाभांश आणि फंडाचा खर्च सोडून, सुमारे 2 लाख 84 हजार झाले असते. सगळे पैसे एकदम 6704 वर टाकले असते तर जवळपास 3 लाख, म्हणजे दहा वर्षांत 3.3 पट, वर्षाला पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास.

"मंग एकदमच बरं नाई काय?" त्याने लगेच विचारलं. या एका उदाहरणात बरं ठरलं, कारण ब्रेकआउट टिकला. तो टिकेल की नाही हे 31 मार्च 2014 ला कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन भाग करण्याची किंमत इथं दहा वर्षांत पंधरा-सोळा हजार रुपये पडली. न टिकणाऱ्या ब्रेकआउटमध्ये हेच तीन भाग किती वाचवतात ते पुढे दाखवतो. तीन महिने, दहा टक्के, दोन वर्षं हे आकडे मी ठरवलेले आहेत. तुम्ही चार महिने आणि आठ टक्के ठरवू शकता. फक्त ते पैसे टाकायच्या आधी वहीत लिहा आणि नंतर बदलू नका.

ब्रेकआउटनंतरची दोन वर्षं

वरच्या हिशेबात एक ओळ सहज वाचून पुढे जाता येते, पण सगळा धीर तिथंच संपतो. 6704 ला घेतलं, एका वर्षात 9119 झालं, छत्तीस टक्के नफा. आणि मग फेब्रुवारी 2016 ला 6987. खरेदीच्या दोन वर्षांनंतर हातात चार टक्के. त्याच दोन वर्षांत बँकेच्या ठेवीने वर्षाला आठ-नऊ टक्के दिले होते.

मंथली चार्टवर बघितलं तर काहीच बिघडलं नव्हतं. भाव जुन्या रेघेकडे येऊन तिच्या वरच थांबला होता. याला रीटेस्ट म्हणतात, आणि बऱ्याच मोठ्या बेसनंतर तो होतो. सहा वर्षं ज्या पातळीवर लोक विकत होते, तिथंच आता खरेदी होते, कारण ज्यांची संधी हुकली ते जुन्या भावाची वाट बघत बसलेले असतात. त्यानंतर करोनाच्या मार्च 2020 मध्येही निफ्टी 7511 च्या खाली गेला नाही. 2014 ची रेघ आजपर्यंत पुन्हा तुटलेली नाही.

पण आता गावाकडे बघा. 2014 चा पाऊस कमी झाला. 2015 चाही कमी झाला. लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं, सोयाबीनचा उतारा पडलेला, आणि 2016 च्या फेब्रुवारीत बाजारही तळाशी. ज्याने बियाणं-खताचे किंवा पीककर्ज फेडायचे पैसे मार्च 2014 मध्ये फंडात टाकले होते, त्याला नेमकं तेव्हाच काढावं लागलं असतं. चार्ट बरोबर होता, खरेदी बरोबर होती, आणि तरी हाती चार टक्के घेऊन तो बाहेर पडला असता. खासगीतून कर्ज काढून पैसे तसेच ठेवले असते तर व्याजाने नफा खाल्ला असता. कोरडवाहू विदर्भात रीटेस्ट आणि दुष्काळ एकत्र येणं हा दूरचा धोका नाही, एकदा तो घडून गेलेला आहे.

म्हणून किती पैसे टाकायचे हे चार्ट उघडायच्या आधी ठरतं. माझ्या मते आधी पीककर्ज मुदतीत फेडा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते बिनव्याजी पडतं, ती सवलत कुठल्याही ब्रेकआउटसाठी सोडू नये. मग जूनच्या पेरणीचा खर्च बाजूला काढा. त्यावर एक पूर्ण नापिकी निघेल इतका घरखर्च बँकेत ठेवा. एवढं करून जे उरेल ते बेस-ब्रेकआउटच्या कामाचं. कृषी केंद्रवाल्याचे 90 हजार या गाळणीतून गेले तेव्हा 35 उरले. त्याचेच तीन भाग केले.

न टिकणारा ब्रेकआउट

जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,916 वर बंद झाला होता. ती पातळी ओलांडायला 34 वर्षं लागली. 22 फेब्रुवारी 2024 ला ती तुटली आणि तो महिना 39,166 ला बंद झाला. इतका लांब बेस क्वचितच दिसतो, म्हणून जगभर त्याची चर्चा झाली.

पुढे एप्रिलचा महिना 38,406 ला बंद झाला, मे 38,488 ला. दोन महिने लागोपाठ जुन्या रेघेखाली. माझा बाहेर पडायचा नियम हाच आहे: लागोपाठ दोन महिनाबंद रेघेखाली आले की बाहेर. पहिला भाग मेअखेर विकला असता, तोटा दोन टक्क्यांहून कमी. दुसरा भाग टाकायची वेळच आली नसती, कारण तीन महिने वर टिकण्याची अट पुरी झाली नव्हती. एका तृतीयांश रकमेवर दोन टक्के, म्हणजे 90 हजारांत सहाशे रुपयांच्या आतबाहेर. त्यानंतर 5 ऑगस्टला निक्केई एका दिवसात बारा टक्क्यांहून जास्त पडून 31,458 ला आला. सगळे पैसे एकदम टाकून बसलेल्याने त्या दिवशी वीस टक्के तोटा बघितला.

या नियमाचीही एक खोट आहे. निक्केई त्या रेघेभोवती वर्षभराहून जास्त घुटमळला. जून 2024 ला पुन्हा वर, सप्टेंबरपर्यंत पुन्हा खाली, ऑक्टोबरला वर, नोव्हेंबरला खाली, डिसेंबरला वर, 2025 च्या फेब्रुवारी-मार्चला खाली. नियम पाळणारा दर वेळी आत गेला असता आणि दर वेळी थोडा तोटा घेऊन बाहेर आला असता, शेवटच्या वेळी तर एका भागावर नऊ टक्क्यांच्या आसपास. जून 2025 पासून मात्र महिने रेघेच्या वर बंद होत गेले आणि ऑक्टोबरमध्ये 50 हजार पार झाले. तीन वेळा भाजल्यावर चौथ्यांदा पैसे टाकायला फार थोड्यांचा हात उचलला असता. म्हणून एकाच बेसमध्ये दोनदा बाहेर पडावं लागलं तर तिसऱ्यांदा आत जाण्याआधी एकाऐवजी तीन महिनाबंद वर हवेत, अशी अट मी स्वतःला घालतो. त्या अटीवर ऑक्टोबर 2024 ची खरेदी टळते, कारण नोव्हेंबर खाली गेला, आणि डिसेंबर-जानेवारी वर राहूनही फेब्रुवारी खाली गेला. मग ऑगस्ट 2025 अखेर 42,700 च्या आसपास आत जायला मिळतं. बरंच महाग, पण मधला नऊ टक्क्यांचा घाव वाचतो.

कंपनीच्या शेअरमध्ये जास्त सावध

निर्देशांक आणि कंपनी यांत एक मोठा फरक आहे. निफ्टीतली कंपनी बुडाली तर तिला काढून दुसरी येते, त्यामुळे निर्देशांक कधी ना कधी जुनी पातळी गाठेल ही आशा रास्त असते. एकट्या कंपनीला तो आधार नाही. जानेवारी 2008 मध्ये शिखरावर असलेली रिलायन्स कम्युनिकेशन्स पुन्हा कधीच त्या भावाला आली नाही, 2019 मध्ये तिची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिच्या चार्टवरही मधली काही वर्षं आडवी गेलेली दिसतात. पट्ट्याच्या आत असताना तो बेस आहे की कंपनीचा ऱ्हास, हे नुसत्या चार्टवरून सांगता येत नाही. म्हणून पट्ट्याच्या आत "स्वस्त आहे" म्हणून थांबण्यापेक्षा ब्रेकआउटची वाट बघणं कंपनीच्या बाबतीत जास्त शहाणपणाचं. निर्देशांकाच्या बाबतीत उलट आहे. एसआयपी चालू असेल तर बेस सुरू आहे म्हणून ती थांबवू नका. 2009 पासून 2013 पर्यंत पट्ट्यात दरमहा घेत राहिलेल्याला बऱ्याच युनिट पाच हजारांच्या आसपास मिळाल्या, ब्रेकआउटला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ब्रेकआउटचा नियम चुकाऱ्यांसारख्या एकरकमी पैशासाठी आहे.

कंपनी बघताना मी तीन गोष्टी मिळवून बघतो. बेसच्या वर्षांत नफा वाढला का, कर्ज कमी झालं का, आणि ब्रेकआउटच्या महिन्यात शेअरची उलाढाल आधीच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षा ठळक जास्त आहे का. उलाढाल कमी असताना तुटलेली रेघ बहुतेक वेळा परत जोडली जाते. आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये "दहा वर्षांचा ब्रेकआउट" म्हणून पाच-दहा रुपयांच्या अनोळखी शेअरचा चार्ट आला तर महिन्याची उलाढाल आधी उघडा. दिवसाला काही लाखांचीच उलाढाल असलेल्या शेअरमध्ये दोन-चार जण मिळून कुठलीही रेघ तोडून दाखवू शकतात. सांगणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं.

सध्या तो कृषी केंद्रवाला महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद करताना बंद भाव वहीत लिहितो. एक तृतीयांश पैसे गेले आहेत, बाकीचे तालुक्याच्या बँकेत ठेवीत आहेत. बाहेर पडायचा आकडा त्याने पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे. खाली तारीख आहे आणि बायकोची सही, कारण पैसे काढायचा हट्ट त्याने मध्येच धरला तर वही तीच दाखवणार आहे.